आगाऊ सोंगट्या

लाँड्रीवाल्या बाई गो हा जपानी पटावरचा खेळ शिकल्या त्या भांडणातून. त्यांच्या दुकानाच्या माडीवर गोचा क्लब भरायचा आणि लाकडी पटावर सोंगट्यांची टकटक दिवसभर खाली यायची. एका रविवारी डोकं उठलं म्हणून बाई तरातरा जिना चढून वर गेल्या, तोंड सोडायच्या आधी समोरचा डाव पाहिला, आणि तिथेच बसल्या. खाली एका गिऱ्हाइकाच्या शर्टावर इस्त्रीचा ठसा उठला. पुढे काही वर्षांत क्लबात त्यांना हरवणारं कुणी उरलं नाही. त्याचं श्रेय त्या त्याच शर्टाला द्यायच्या.

अशा बाईंच्या घरी, दुकान आणि क्लबाच्या वरच्या मजल्यावर, व्याही राहायला आले. गोदामांच्या पहारेकऱ्यांचा सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेला, बायको गेल्यापासून एकटा पडलेला माणूस. बापाने आता कायमचं इथेच राहावं, असा सुनेचा हट्ट होता. व्याह्यांचं म्हणणं, लेकीच्या सासरी पाहुण्याने तिसऱ्या दिवशी जड व्हायच्या आत निघावं. चौथ्या दिवशी त्यांनी परतीचं तिकीट काढून आणलं, मिळालं ते पुढच्या आठवड्याचं. सुनेने सासूला स्वयंपाकघरात गाठलं. बाबांचं मन कशात तरी रमलं तर ते थांबतील, म्हणाली. तुम्ही काहीतरी करा. बाईंना करता येण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या. इस्त्री व्याह्यांच्या कपड्यांना आधीच कडक होती. मग उरला गो.

खेळ कळायला सोपा. रेषा एकमेकींना छेदतात तिथे आळीपाळीने सोंगटी ठेवायची. चारी बाजूंनी कोंडली गेलेली सोंगटी मेली. जो जास्त मोकळी जागा वेढेल तो जिंकला. दोन दिवसांत व्याह्यांना सगळं समजलं, आणि तिसऱ्या दिवशी पटावर त्यांची एकही सोंगटी जगली नाही.

तेव्हा बाईंनी क्लबातला रिवाज सांगितला. कच्च्या खेळाडूने काळ्या सोंगट्या घ्यायच्या आणि डाव सुरू व्हायच्या आधीच त्यातल्या काही पटावर मांडून टाकायच्या. पांढऱ्याची पहिली चाल त्यानंतर. जेवढा फरक, तेवढ्या सोंगट्या. ह्यांना क्लबात म्हणतात आगाऊ सोंगट्या.

व्याह्यांचा चेहरा उतरला. उभ्या आयुष्यात आपल्याला कुणी आगाऊ म्हटलं नाही, असं ते सावकाश, प्रत्येक शब्द इस्त्री केल्यासारखा म्हणाले. बाईंनी खुलासा केला की आगाऊ म्हणजे आगाऊ रक्कम असते तसलं, आधी दिलेलं. तर ते म्हणाले, भीक ती भीक, आगाऊ काय आणि उशिरा काय.

"व्याहीबुवा, त्या सोंगट्या तुमच्यासाठी नाहीत," बाई म्हणाल्या. "माझ्यासाठी आहेत. त्या नसल्या की मला खेळताना झोप येते."

हे मात्र त्यांना पटलं. विहीणबाईंची अडचण आहे म्हटल्यावर सहा सोंगट्या घ्यायला ते तयार झाले.

कुठे ठेवायच्या, हे काही क्लबांत ठरलेलं असतं, पटावरच्या ठळक ठिपक्यांवर. ह्या क्लबात कच्च्याने आपल्या मनाने मांडायच्या, आणि पक्क्याने त्यावर तोंड उघडायचं नाही. व्याह्यांनी चाळीस वर्षांच्या अनुभवाने सहाही सोंगट्या पटाच्या अगदी शेवटच्या रेषेवर, चहूबाजूंना उभ्या केल्या. फाटकं बंदोबस्तात. बाईंनी ओठ घट्ट मिटले आणि चारही कोपरे निवांत घेतले. कडेच्या रेषेवरच्या सोंगटीच्या मागे वेढायला काहीच नसतं. पहारा फाटकावर आणि चोर आत पाय पसरून बसलेला.

दुसऱ्या डावात त्यांनी सहाही एकाच कोपऱ्यात दाटीवाटीने कोंबल्या. तो कोपरा असा काही त्यांचा झाला की देवालाही घेता आला नसता. बाकीचा सगळा पट बाईंचा.

संध्याकाळी जेवताना व्याही बाईंच्या मुलाला म्हणाले, कोठाराला सहा पहारेकरी एकाच जागी असले तर ते पत्ते खेळतात. त्यांना असं उभं करायचं की एकाची शिट्टी दुसऱ्याला ऐकू जाईल, पण एकाची बिडी दुसऱ्याला मागता येणार नाही. मुलाला काही कळलं नाही. बाईंच्या हातातला घास मात्र तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्याह्यांनी चार सोंगट्या चार कोपऱ्यांतल्या ठिपक्यांवर ठेवल्या आणि दोन समोरासमोरच्या बाजूंच्या मध्यावर. कुणी न सांगता. बाईंना आता खरं काम आलं. समोर असा बंदोबस्त असला की पक्क्या खेळाडूने कुठेही शेवटपर्यंत भांडायचं नाही. डाग भिजत घालावा तसं करायचं: इथे एक चाल, तिथे एक चाल, काहीच तडीला न्यायचं नाही. घासायला गेलं की काळा मजबूत होतो आणि पांढऱ्याचे हात सोलवटतात. फसव्या चालींनी नवख्याला लुटता येतं, पण ती चाल त्याला कळली की आपली पत गेली. साधं, सरळ खेळायचं आणि त्याची चूक व्हायची वाट पाहायची.

व्याही प्रत्येक चालीला उत्तर देत तिच्या मागे मागे धावत होते. मग मध्येच थांबले. बाईंच्या एका लांबट पुंजक्याच्या आणि बाकीच्या पांढऱ्यांच्या मध्ये त्यांनी सोंगटी ठेवली आणि वाट तोडली. दारात सून चहा घेऊन उभी होती. तिने सासूकडे असं पाहिलं, की दगडालाही कळलं असतं: एकदा जिंकू द्या ना.

पुंजका वाचवायची जागा एकच होती. बाईंनी सोंगटी उचलली आणि भलतीकडे, आपल्याच वेढलेल्या जागेत ठेवली.

व्याही त्या वाचवायच्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "हे तुम्हाला दिसलं नाही?"

बाई हातातल्या सोंगट्या चाळू लागल्या.

"विहीणबाई, सोंगट्या मी घेतल्या. डाव मागितला नव्हता." ते उठले. "उद्या सकाळची गाडी आहे माझी."

सून चहा खाली ठेवून आत गेली. बाई कानकोंड्या झाल्या. चोर पकडला गेल्यावर करतो तेच त्यांनी केलं, आवाज चढवला.

"बसा खाली. मी ती चाल परत घेतेय. आता मार खायची तयारी ठेवा."

त्यांनी पुंजका वाचवला. मग कुठलीही दयामाया न दाखवता डाव ओढत आणला. शेवटी त्या एका कोपऱ्यात, व्याह्यांच्या ठिपक्यावरच्या सोंगटीच्या पायाशी शिरल्या. ठिपक्यावरचा पहारेकरी दोन्ही रस्त्यांवर नजर ठेवतो, पण त्याच्या पायाखालचा कोपरा उघडा असतो. तो कोपरा बाईंनी गिळला आणि थोडक्या जागांनी व्याह्यांचा डाव गेला. व्याह्यांनी मोजदाद पुन्हा करायला लावली. हिशेब बरोबर होता.

"ह्या आगाऊ सोंगट्या कमी कधी होतात?" त्यांनी विचारलं.

लागोपाठ तीन डाव जिंकल्यावर एक कमी, असं बाईंनी सांगितलं. ते मान हलवून झोपायला गेले.

सकाळी मुलगा रिक्षा बोलावू का विचारायला गेला. व्याह्यांनी विचारलं, कोण चाललंय? मुलगा म्हणाला, तुम्ही. तर म्हणाले, सहा सोंगट्या अंगावर घेऊन माणूस गावात तोंड कसं दाखवणार?

बाई दुकानाच्या चाव्या घेऊन बाहेर पडत होत्या. पट मांडलेला होता, सहाही काळ्या जागच्या जागी. नाही, एक नव्हती. काल हरलेल्या कोपऱ्यातली सोंगटी ठिपक्यावरून एक रेष कडेकडे सरकलेली होती, आणि पायाखालची वाट बंद होती.

"घ्या, चाल करा," व्याही म्हणाले.

बाईंनी पांढरी सोंगटी उचलली आणि ती हातातच राहिली. खाली दुकानाच्या बंद शटरसमोर गिऱ्हाईक हाका मारू लागलं. सुनेने खिडकीतून वाकून सांगितलं, की आईंना जरा वेळ लागेल, त्या विचार करतायत.