पन्नास किलोंची बायको

डॉक्टरांनी सांगितलं, साखर सीमेवर आहे, वजन उतरवा. बाबांचा पाय साखरेनेच गेला होता, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी मात्र चर्चा सुरू झाली ती भाच्याच्या लग्नाची. लग्न दोन महिन्यांवर. नवरा म्हणाला, "तू आपल्या लग्नात पन्नास होतीस. तेवढीच हो." जणू मधली तीस वर्षं मी रजेवर होते आणि आता कामावर रुजू व्हायचं होतं.

मीही शहाणी. काकडी आणि लिंबूपाणी, बस्स. तिसऱ्या दिवशी मुलुंडच्या मासळीबाजारात कोलंबी निवडता निवडता डोळ्यांपुढे अंधारी आली. कोळणीने मला स्वतःच्या स्टुलावर बसवलं आणि वर सुनावलं, "उपाशी पोटी भाव करायला येता कशाला?"

मग गेलो आहारतज्ज्ञ बाईंकडे. मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. काट्यावर ब्याऐंशी. नवऱ्याने माझ्या वतीने पन्नासचं लक्ष्य जाहीर केलं.

"दोन महिन्यांत बत्तीस? म्हणजे आठवड्याला चार किलो," ती शांतपणे म्हणाली. "आठवड्याला अर्धा, फार तर एक किलो. त्याहून घाई केली की स्नायू झडतात, पित्ताशयात खडे होऊ शकतात, आणि वजन पुन्हा वाढतं ते वेगळंच. आधी शहात्तर गाठा. तीन-चार महिने धरा. तेवढ्यानेही साखरेला फरक पडतो. पुढचं तेव्हा बघू."

"फक्त सहा किलो?" नवरा म्हणाला. भाजीवाल्याने माप मारल्यासारखा चेहरा. स्वतःचं पोट टेबलाला टेकलेलं, ते त्याला दिसेना.

रविवारी आई आली. त्याने तिच्याकडे गाऱ्हाणं मांडलं, पन्नासची बायको दिली होती तुम्ही.

"पन्नास खंयचे?" आई म्हणाली. "अठ्ठावन होतंस गो तू. रेशनच्या दुकानातल्या काट्यार वजन केला होता. तुमी बघूक इल्यात तेव्हा हिच्या बापाशीन आठ कमी करून सांगितल्यान."

आठवड्याला अर्धा किलो कसलं, बाबांनी एका वाक्यात आठ उतरवले होते. आणि मी बावळट, त्या थापेच्या मागे उपाशी धावत होते. हसू आलं, मग रागही आला.

"म्हणजे माझी फसवणूक झाली," नवरा म्हणाला.

"हो ना," मी म्हणाले. "आणि तुमच्या घरच्यांनी सांगितलं होतं, मुलगा शांत स्वभावाचा आहे."

भाच्याच्या लग्नासाठी नवा, मोठा ब्लाउज शिवला. वजन हळूहळू उतरलं, मध्ये दोन आठवडे तर हललंच नाही. शहात्तरला पोचले तेव्हा साखर सीमेच्या आत आली होती. नवरा अजून अधूनमधून विचारतो, पुढे किती? पन्नास बाबांना हवे होते, पन्नास याला हवेत. मला दोन्ही पाय हवेत.