आंबलेली बाटली

नारायणगावच्या दूध केंद्रात मी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने दुधाची आम्लता तपासायचो. डिंगोऱ्याच्या एका गवळ्याच्या दुधाला सोडा जास्त लागला, म्हणजे दूध जास्त आंबट. इतरांचेही आकडे चढले होते, पण मर्यादेत होते. हा शिळं दूध मिसळतोय, असं धरून मी त्याचे कॅन परत पाठवले.

"दूध ताजं हाय, भाऊ. तुमची बाटलीच आंबली असंल," तो म्हणाला.

सगळे हसले. मला तो जरा जास्तच हुशार वाटला.

संध्याकाळी बाटलीतला सोडा तपासायला वाळवलेलं पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, म्हणजे नेमकी आम्लता ठाऊक असलेलं रसायन, तोलून पाण्यात विरघळवलं, आम्ल संपलं की गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकले आणि ब्युरेटच्या मापनळीतून तोच सोडा सोडला. हिशेबापेक्षा बराच जास्त गेल्यावर गुलाबी रंग टिकला. सोडाच कमजोर होता. त्याच्या गोळ्या हवेतलं पाणी ओढून वजनाला भरतात, हे माहीत असून मी नुसत्या वजनावर द्रावण केलं होतं.

नवं द्रावण केलं, पण बोललो नाही. तो गवळी आळेफाट्याच्या केंद्रात दूध घालू लागला. आमच्याकडे त्या दिवशी पडलेलं त्याचं नाव 'शिळंवाला'च राहिलं.