सकाळची आग आटोपल्यावर

त्या मंगळवारी मुलीला शाळेत सोडून आले, चहा टाकला आणि सवयीनं सेन्सेईंचा ब्लॉग उघडला. पहिलंच वाक्य होतं : 'आज सकाळची आग आटोपल्यावर मी निवांत बसून चहा घेतला.'

मी ते पुन्हा वाचलं. आग. जपानीत 'काजी' म्हणजे आग आणि 'काजी' म्हणजेच घरकामही. उच्चार एकच, पण लिहायची चित्राक्षरं, म्हणजे कांजी, वेगळी. सेन्सेईंना म्हणायचं होतं, 'सकाळची कामं आटोपल्यावर.' हे मला कळत होतं. तरी फोन लावला. तो लागेना. शेवटी चहा तसाच ठेवून मी सायकल काढली आणि पूल ओलांडून लेंटला, त्यांच्या घरी, निघाले. नायमेखन, आमचं शहर, नदीच्या या बाजूला, लेंट त्या बाजूला. वारा समोरून होता.

सेन्सेई म्हणजे माझ्या खऱ्याखुऱ्या गुरू नव्हेत. जपानी मी पुण्यात शिकले, आठ वर्षं एका कंपनीत यंत्रांच्या मॅन्युअलची भाषांतरं केली, मग नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले आणि तेच काम घरून करू लागले. सेन्सेई मला लायब्ररीतल्या गप्पांच्या गटात भेटल्या. वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी एका डच माणसाशी लग्न करून त्या इथे आल्या आणि पुढे बरीच वर्षं शनिवारच्या जपानी शाळेत शिकवत. पहिल्याच भेटीत त्यांनी माझं एक क्रियापद सुधारलं होतं. मी पाठवलेल्या ईमेललाही त्या आधी उत्तर देत आणि मग खाली माझ्या चुका लिहीत. मला त्याचा कधी राग आला नाही. परदेशात आपल्या चुका काढण्याइतकी आस्था कोणाला असते?

नवरा गेल्यावर त्यांनी ब्लॉग सुरू केला. वाचक मोजके होते : जपानातली धाकटी बहीण, जुने विद्यार्थी आणि मी. विषय साधे. बाजारात मिळालेला मुळा, शेजाऱ्याचं मांजर, कालव्यावर गोठलेलं बदक. पण लेखन असं नेटकं, की मी माझ्या भाषांतरांसाठी त्यातली वाक्यं उतरवून ठेवत असे.

दार त्यांनीच उघडलं. अंगात एप्रन, हातात फोन.

"तूही का?" त्या म्हणाल्या. "आत्ता बहिणीचा फोन होता. ती रडत होती. मला वाटलं तिच्याकडेच काही झालं."

"तुम्ही आग लागल्याचं लिहिलंय, सेन्सेई."

"मी?"

आम्ही लॅपटॉपपाशी बसलो. मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी चेहरा पडद्याच्या अगदी जवळ नेला, मग मागे घेतला, मग हसू लागल्या. त्या हसल्या म्हणून मीही हसले. पण त्यांचे कान लाल झाले होते. चाळीस वर्षं इतरांच्या वह्या तपासलेल्या बाईला हे लागलं असणार.

"मी तपासलं होतं," त्या म्हणाल्या. "दोनदा."

"कसं?"

त्यांनी एक बटण दाबलं. लॅपटॉपमधली बाई लेख वाचू लागली. 'काजी' आलं, गेलं. अर्थातच बरोबर. अक्षर आगीचं असो की घरकामाचं, वाचणारी तोच आवाज काढणार. ऐकून सापडेल अशी ती चूकच नव्हती.

मी उरलेला लेख वाचला. त्यात आणखी चुका निघाल्या. 'कोउएन'मध्ये फिरायला गेले असं होतं, पण बागेऐवजी त्या व्याख्यानात फिरून आल्या होत्या. जुन्या मैत्रिणीची 'पुनर्भेट' झाली म्हणायचं, तर तिथे 'पुन्हा सुरुवात' होतं, दोन्ही 'साइकाइ'. मागचे लेख उघडले. दोन महिन्यांपासून हे चालू होतं. मी कामाच्या गडबडीत वरवर वाचत आले होते आणि मनातल्या मनात बरोबर अर्थ लावत गेले होते.

"माझ्यासमोर एक वाक्य लिहून दाखवता का?" मी विचारलं.

त्या लिहू लागल्या. जपानी लिहिताना उच्चार रोमन अक्षरांत टाइप करायचा, स्पेसबार दाबला की यंत्र कांजी सुचवतं, पुन्हा दाबला की पुढची, आणि हवी ती आली की एंटर. पूर्ण वाक्य दिलं तर संदर्भावरून यंत्र बहुधा बरोबर निवडतं. सेन्सेईंची सवय जुनी होती : प्रत्येक शब्दानंतर स्पेसबार. एकट्या शब्दाला कुठला संदर्भ असणार? आणि हा लॅपटॉप नवा होता. जुन्या संगणकाला त्यांचे शब्द वर्षानुवर्षं पाठ झाले होते, पहिल्याच फटक्यात हवं ते येई. या नव्याला अजून काहीच ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं, की आदल्या आठवड्यात त्यांनी गावाबाहेर जळलेल्या एका कोठाराबद्दल लिहिलं होतं. तेव्हा निवडलेली 'आग' त्यानं जपून ठेवली आणि या वेळी सर्वांत आधी पुढे केली.

पण एवढ्यानं माझं समाधान होईना. सुचवलेले शब्द एका लहान चौकटीत येतात. सेन्सेईंनी लेखाची अक्षरं केवढी तरी मोठी करून ठेवली होती, चौकट मात्र तशीच बारीक राहिली होती. मी पाहत होते. त्यांची नजर चौकटीकडे जातच नव्हती. स्पेसबार, एंटर. स्पेसबार, एंटर.

"सेन्सेई, चौकटीतलं पहिलं अक्षर कुठलं आहे?"

त्या पडद्यावर वाकल्या. मग म्हणाल्या, "काळं आहे."

त्यांनीच सांगितलं. मागच्या हिवाळ्यापासून धुकं वाटतं. आधी चष्मा पुसत राहिले, मग दिवे बदलले. समोरून गाडी आली की तिच्या दिव्यांना पिसारा फुटतो.

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"सांगितलं तर ते म्हणतील सायकल बंद करा."

"आणि मुलाला?"

"तो म्हणेल आमच्याकडे राहायला या." मुलगा आल्मेरेला राहत होता, लॅपटॉप त्यानंच आणून दिला होता. "तिथे माझं काय काम?"

मी समजूत घालत बसले नाही. त्यांना ते आवडलं नसतं. एवढंच म्हणाले, "हाउसआर्ट्सकडे मी बरोबर येते. तुम्ही बोला, मी नुसती बसते." त्यांनी आधी माझ्यासाठी चहा केला, मग हाउसआर्ट्सच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या, दवाखान्यात फोन केला.

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. आमच्या हाउसआर्ट्सनं डोळ्यांच्या दवाखान्याकडे चिठ्ठी दिली, तिथे तारखेसाठी थांबावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी सायकल ऑपरेशन होईपर्यंतच बंद ठेवायला सांगितली. बाहेर आल्यावर सेन्सेई म्हणाल्या, "'होईपर्यंत' हा शब्द चांगला आहे." मुलाला त्यांनी त्याच संध्याकाळी फोन केला. तो दुसऱ्या दिवशी धावत आला आणि माझ्यावर थोडा रागावला, मी आधी का नाही ओळखलं म्हणून. मलाही तेच वाटत होतं.

मधल्या काळात ठरलं, की सेन्सेई ब्लॉगवर कच्चा लेख लिहून ठेवतील आणि मी तिथेच तपासून चढवीन. मला मनापासून आनंद झाला. ज्यांनी माझी क्रियापदं सुधारली, त्यांचे लेख आता माझ्या हातात. समोच्चारी चुका मी एकेक करून काढल्या, आणि मग तिथे थांबले नाही.

जपानी क्रियापदात कांजीनंतर एक शेपटी असते, साध्या अक्षरांची. तिला ओकुरिगाना म्हणतात. ती कुठून सुरू करायची याचे नियम मधे बदलले, आणि काही शब्दांना जुनी शेपटीही चालते. 'पार पाडणं' या अर्थाचं 'ओकोनाउ' सेन्सेई कुठे नव्या पद्धतीनं लिहीत, कुठे एक अक्षर जादा देऊन, जुन्या पद्धतीनं. एकाच लेखात दोन्ही. माझ्या धंद्यात हे चालत नाही. मॅन्युअलमध्ये एक शब्द दोन तऱ्हांनी आला तर ते परत येतं. मी सगळीकडे नवीन केलं. तीन लेखांत. त्यांना सांगायचीही गरज वाटली नाही.

तिसऱ्या लेखाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"मी घरी नवऱ्याचं श्राद्ध केलं, असं लिहिलं होतं ना?"

"हो, सेन्सेई."

"मग मशीनमधली बाई 'श्राद्ध गेलं' असं का वाचतेय?"

मी लेख उघडला. 'पार पाडलं' म्हणजे 'ओकोनात्ता', 'गेलं' म्हणजे 'इत्ता'. नव्या पद्धतीनं लिहिलं की भूतकाळात दोन्ही अगदी सारखे दिसतात; वाचणाऱ्यानं संदर्भावरून ओळखायचं. लॅपटॉपमधल्या बाईनं ओळखलं नव्हतं. जादा अक्षर असतं तर तिला चुकायला जागाच नव्हती.

"मी शेपटी कापली," मी कबूल केलं. "दोन्ही प्रकार होते, म्हणून एकसारखं केलं."

"जादा अक्षराचं मी लिहिते," त्या म्हणाल्या. "शाळेत आम्हाला तसंच शिकवलं. बिनअक्षराचं आहे ते मशीननं लिहिलंय, मला दिसलं नाही म्हणून."

म्हणजे त्या लेखांत दोन हात होते आणि मी नेमका त्यांचा पुसून टाकला होता. माझे वडील शेवटपर्यंत 'नाहीं' आणि 'कांहीं' अनुस्वारासकट लिहीत. नियम बदलून किती वर्षं झाली होती. ती पत्रं कोणी शुद्ध करून माझ्या हातात ठेवली असती, तर मला कसं वाटलं असतं? हे मी त्यांना सांगितलं. अनुस्वार म्हणजे काय हे समजावताना माझी तारांबळ उडाली, पण त्यांना समजलं.

"वडील हट्टी होते?" त्यांनी विचारलं.

"फार."

"छान," त्या म्हणाल्या.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर दोन आठवड्यांनी मी लेंटला गेले. त्या लॅपटॉपपासून हातभर अंतरावर, ताठ बसल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझे केस इतके पांढरे आहेत हे मला माहीत नव्हतं."

आम्ही ते लेख पुन्हा काढले. मी वाक्य दाखवायची, त्या शेपटी लावायच्या. आता चौकट त्यांना दिसत होती आणि त्या स्पेसबार मुद्दाम सावकाश दाबत होत्या, दुकानात कापडं उलगडून पाहावीत तशा. 'आग'ही त्यांनी स्वतः बदलली. त्या लेखाखाली बहिणीनं घाबरून लिहिलेली टिप्पणी होती, ती मात्र काढू दिली नाही.

दोन दुपारी लागल्या. शेवटच्या लेखात एक वाक्य होतं, लायब्ररीतल्या वाचनाच्या कार्यक्रमाबद्दल. इथली शेपटी मूळची कुठली, हे माझ्याकडे नोंदलेलं नव्हतं. त्यांनाही आठवेना. त्यांनी दोन्ही करून पाहिलं, जुनं, नवं, परत जुनं, परत नवं.

"इथे तुझी राहू दे," त्या म्हणाल्या आणि एंटर दाबलं.