दिवसा श्वास न घेणारं झाड

एका मुलीच्या बरोबर उत्तरात मी एकदा माझं चुकीचं उत्तर घुसडलं, आणि वर तिच्यावर उपकार केल्यासारखी खुशीत दुपारचा दुसरा चहा प्याले. तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते. अल्लड वय.

आमचं घर कन्नड मुलखात, लष्कर मोहल्ल्यात. खाली शिवणकामाचं दुकान, मधे आम्ही, आणि वरच्या दोन खोल्यांत त्या वर्षी साताऱ्याकडची एक तरुण बाई नवऱ्याच्या बदलीमुळे राहायला आली होती. ती सायन्सच्या शिकवण्या घ्यायची. शिकवायची इंग्रजीत, माझ्याशी बोलायची स्वच्छ मराठीत, आणि कन्नडमध्ये तिला फक्त ‘बेडा’, म्हणजे नको, एवढंच म्हणता यायचं, तेही भाजीवाल्याला.

आमची मराठी ऐकून तिला पहिले काही दिवस हसू आवरायचं नाही. “आजी, ‘सुम्ने बस’ म्हणजे काय हो?” मी म्हटलं, “उगीच बस. तुमच्याकडे उगीच बसत नाहीत काय?” पण शाळा माझी कन्नडमध्ये झालेली, घर मराठीत चाललेलं. दोन्ही येणारी गल्लीत मी एकटीच, असा माझा समज होता. गल्लीत निम्मी माणसं तशीच होती, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मला विचारलं गेलं ते बन्नूरच्या एका मुलीमुळे. दहावीपर्यंत कन्नड माध्यमात शिकलेली. पुढं सायन्स घ्यायचं म्हणत होती. तिच्या बापाचं बन्नूरला किराणा दुकान. तो वरच्या टीचरला फोनवर मोडक्या हिंदीत म्हणाला होता, तुम्ही हिची परीक्षा घ्या. झेपेल म्हणालात तर सायन्स, नाहीतर कॉमर्स. कॉलेजचा फॉर्म सोमवारी भरायचा होता.

टीचर शहाणी. ती म्हणाली, “इंग्रजीत लिहायला लावलं तर मला तिचं इंग्रजी कळेल, सायन्स कळणार नाही. तिच्या भाषेतच लिहू दे. आजी, तुम्ही मला मराठी करून द्याल ना?”

मुलीनं घरी बसून प्रश्न सोडवले आणि पानांचे फोटो काढून पाठवले. एका फोटोवर तिच्या हाताची सावली होती, एकाची शेवटची ओळ कापली गेली होती. तो टीचरनं पुन्हा काढून घेतला. मग मला बसवून सांगितलं, “जसं आहे तसं लिहा. चूक असेल तर चूकच राहू द्या. खोडलेलं असेल तर खोडलेलं म्हणून लिहा. वाचता आलं नाही तर तसं सांगा, अंदाज नको. आणि चित्रातले शब्दसुद्धा.”

“आयतु, आयतु,” मी म्हटलं. म्हणजे झालं, कळलं. काही कळलं नव्हतं.

बाकीची उत्तरं मी नीट केली. पाठ केलेली होती, सरळ होती. शेवटचा प्रश्न मात्र टीचरनं मुद्दाम घातला होता: झाड श्वास केव्हा घेतं, चित्र काढून समजावून सांगा. मुलीनं लिहिलं होतं, ‘गिड हगलु रात्री एरडू होत्तू उसिराडुत्तदे.’ झाड दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा श्वास घेतं. दिवसा ते अन्नही तयार करतं, त्यात प्राणवायू इतका बाहेर पडतो की श्वासाला लागणारा थोडासा आपल्याला जाणवत नाही.

मी चष्मा पुसला. दिवसा श्वास? मला तर माझ्या आजीनं सांगितलेलं पक्कं ठाऊक होतं की झाडं रात्रीच श्वास घेतात, म्हणून चिंचेखाली रात्री निजू नये. पोर गोंधळली, मला वाटलं. बिचारीचं सायन्स जाईल. मग मी माझ्या उत्तम मराठीत लिहिलं की झाड दिवसा अन्न तयार करतं आणि श्वास फक्त रात्री घेतं. चित्रात पानातून बाहेर जाणारा एक मोठा बाण होता, त्याच्यापाशी ती काहीच लिहायला विसरली होती. तिथं मी ‘प्राणवायू’ भरलं. आत येणाऱ्या एका छोट्या बाणापाशी ‘श्वास’ असं होतं. ते माझ्या उत्तरात बसेना, म्हणून सोडून दिलं. अक्षर छान काढलं. चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी टीचर जिना उतरून आली. तोंड पडलेलं.

“बाकी बरं आहे. पण शेवटच्यात पाचपैकी दोन. सगळ्यांची होते तीच चूक. पाठांतर चांगलं, समज कमी. मी वडिलांना कॉमर्स सांगते.”

मी म्हटलं, “कुठली चूक?”

“झाड दिवसा श्वास घेत नाही म्हणते.”

माझ्या हातात भरतकामाची सुई होती. ती मी पुन्हा पुन्हा त्याच भोकात घालत राहिले. तोंडानं निघालं, “अय्यो, पण घेत नाहीच की!”

 टीचरनं मोबाइलवर तो फोटो काढून बोटांनी मोठा केला आणि माझा कागद शेजारी धरला. “आजी, मला कन्नड वाचता येत नाही. पण अक्षरं कुठं आहेत ते दिसतं. या मोठ्या बाणापाशी काहीच लिहिलेलं नाही, तुमच्याकडे ‘प्राणवायू’ आहे. या छोट्यापाशी लिहिलंय, तुमच्याकडे काही नाही. इथं काय लिहिलंय?”

“उसिराट.”

“म्हणजे?”

“श्वास.”

“आणि हे वरचं चित्र कसलं? सूर्य आहे ना?”

सूर्य होता. भला मोठा, किरणांसकट. मीही तो पाहिला होता.

“वाचा,” ती म्हणाली. “एकेक शब्द. मी लिहून घेते.”

मी वाचलं. बासष्टाव्या वर्षी शाळेतल्यासारखी उभी राहून वाचलं, बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. खोडलेला एक शब्द होता, तो खोडलेला म्हणून सांगितला. एक शब्द सावलीत गेला होता, तो येत नाही म्हणून सांगितलं. टीचरनं तिथं मुलीला फोन लावून दुसरा फोटो मागवला. पोरीला वाटलं कागद हरवला. “अज्जी, पुन्हा लिहू का?” ती कन्नडमध्ये विचारत होती. “नको गं,” मी म्हटलं, “तू लिहिलंयस ते पुरे झालं.”

पाचपैकी साडेचार. अर्धा गेला तो मोठ्या बाणापाशी वायूचं नाव नव्हतं म्हणून. मी म्हटलं, तो तरी देऊन टाका, माझ्यापायी पोरीला घोर लागला. टीचर नाही म्हणाली. तिनं लिहिलं नाही त्याचे मार्क तिला कसे देऊ?

मग तिनं माझ्यासमोरच बापाला फोन लावला. त्याला हिंदी जेमतेम, तिला कन्नड शून्य, तेव्हा मधे मीच. टीचर म्हणाली, सांगा, मुलीला सायन्स झेपेल. मी तेवढंच सांगितलं, पुढं एक शब्द जोडला नाही. जीभ वळवळत होती. पलीकडे तराजूत काहीतरी ओतल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, सोमवारी फॉर्म भरतो.

टीचर जिन्याकडे वळली. अर्ध्यावर थांबून, कठड्यावरून वाकून म्हणाली, “आजी, पुढच्या वेळी तुम्हालाही परीक्षा द्यायची असेल तर वेगळ्या कागदावर द्या. मी तपासून देईन.”