पंधराव्या मिनिटाची नोंद

सरकारी दवाखान्यातल्या स्टाफ नर्सच्या मुलाखतीची तयारी मी परभणीच्या एका खाजगी दवाखान्यात, ड्युटीवरच केली. चुडाव्याहून रोज रेल्वेनं यायचं, ड्युटी करायची आणि परत जायचं. घरी पोचले की डोळे मिटायचे. म्हणून वॉर्डातल्या टेबलावर वही उघडी असायची.

तयारी करून घ्यायच्या आमच्या मोठ्या सिस्टर. वीस-बावीस वर्षं वॉर्डात काढलेल्या. औषधाचं कपाट लावता लावता अचानक विचारायच्या, "दुपारची ड्युटी हाय. तू एकटी. एकाला धाप लागलीय, दुसऱ्याची सलाईन संपलीय, तिसऱ्याचे नातेवाईक ओरडायलेत. आधी कुणाकडं जाशील?"

"धाप लागलेल्याकडे. बसतं करीन, ऑक्सिजन लावीन, डॉक्टरांना कळवीन."

"आन् ओरडणाऱ्याला काय म्हणशील?"

"थांबा म्हणेन."

"बघ, हितंच चुकायलीस. थांबा न्हाई म्हणायचं. 'मला दिसलंय, ह्यांचं झालं की येते,' असं म्हणायचं."

मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं, खाली लाल रेघ मारली.

मुलाखतीला चार दिवस राहिले होते. दुपारची ड्युटी होती. ऊसतोडीहून परतलेली एक बाई वॉर्डात होती; अंगात रक्त फार कमी, तळहात कागदासारखे पांढरे. तिला रक्त चढवायचं होतं. पिशवीवरचं नाव, गट, नंबर मी मोठ्या सिस्टरांबरोबर नीट तपासला, सुरुवातीचा ताप, नाडी, बीपी लिहिलं आणि रक्त सावकाश सुरू केलं. पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळ थांबायचं असतं. मी टेबलाशी येऊन बसले. पंधरा मिनिटांनी पुन्हा सगळं मोजायचं असतं. मी उठले नाही. आधीच्याच आकड्यांत थोडा फरक करून चार्टवर नोंद केली आणि वहीत डोकं घातलं.

बाईची मुलगी आली. "सिस्टर, मायला थंडी वाजायलीय."

"फॅन बंद करा. चादर घाला."

थोड्या वेळानं ती परत आली. "लय कापायलीय ओ. जरा येऊन बघा की."

"दिसत न्हाई का, काम चाललंय?" मी वर न बघताच म्हणाले.

ती सरळ मोठ्या सिस्टरांकडे गेली. त्या धावत खाटेजवळ पोचल्या तेव्हा कुठे मी उठले. बाईचे दात वाजत होते, अंग तापलं होतं. मोठ्या सिस्टरांनी आधी रक्त बंद केलं, मग मला म्हणाल्या, "नळीचा नवा सेट लाव, साधं सलाईन सुरू कर. डॉक्टरांना बोलव." डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. पिशवी आणि नळी रक्तपेढीकडे परत गेली, बाईच्या रक्त-लघवीचे नमुनेही गेले. संध्याकाळपर्यंत ताप उतरला. बाई वाचली, पण त्यात माझं काही नव्हतं.

मग मोठ्या सिस्टरांनी चार्ट उचलला. पंधराव्या मिनिटाच्या नोंदीवर बोट ठेवलं. "हे कधी घेतलंस?"

मी खिशातला पेन काढला.

"खोडू नको. वाचता येईल अशी एकच रेघ मार. 'घेतलं नाही' म्हणून लिही. सही कर, वेळ टाक."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी सही केली. ती पोरगी आईचे पाय चोळत होती. तिच्याकडे जाऊन चुकलं म्हणायचं मी ठरवलं आणि ड्युटी संपेपर्यंत त्या खाटेच्या बाजूला गेलेच नाही.

मुलाखतीत तिघं होते. मेट्रन मॅडमनी विचारलं, "रक्त चढवताना पेशंटला थंडी वाजली तर?" मी एकेक पायरी न अडखळता सांगितली.

"असा प्रसंग तुमच्यावर आलाय का कधी?"

"हो मॅडम. नातेवाइकांनी सांगितलं, मी लगेच उठून रक्त बंद केलं."

मॅडम शेजारच्या डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "नातेवाइकांचं ऐकून घेतात, हे बरं आहे." माझे कान तापले. तरी मी हसले.

यादीत नाव लागलं. वडिलांनी गावात पेढे वाटले. मुलाखतीत खोटं सांगितलं ते कबूल करावं म्हणून मी मोठ्या सिस्टरांकडे गेले, तर त्या एका नव्या मुलीची तयारी घेत होत्या. मला बघताच तिला म्हणाल्या, "आली बघ! हिला विचार, हिची उत्तरं पक्की हायेत." खुर्ची सरकवून त्या राउंडला गेल्या.

मुलीनं वही पुढे केली. मी तासभर शिकवलं, शिफ्ट बदलताना काय काय सांगायचं, ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का कसं बघायचं. मग तिनं रक्ताचा प्रश्न काढला आणि विचारलं, "ताई, तुमी काय सांगितलंत ह्याला?"

मी पायऱ्या सांगितल्या. ती भराभर लिहून घेत होती. बाकीचं मी तिला सांगितलं नाही, आणि मोठ्या सिस्टर राउंडहून यायच्या आत गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. गाडीला अजून दीड तास होता.