खाट, वजन, मजला

दुकानात तिला सगळे फोनमावशी म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. दुकान आजारी माणसांच्या वस्तू भाड्याने देणारं होतं: खाटा, चाकाच्या खुर्च्या, वॉकर, ऑक्सिजनची यंत्रं. सतरा वर्षांपूर्वी ती आईची चाकाची खुर्ची परत करायला इथे आली होती. काउंटरवरचा फोन वाजत होता आणि मालकांचे दोन्ही हात कामात होते, म्हणून तिने तो सहज उचलला. पलीकडच्या घाबरलेल्या बाईला तिने इतकं नीट समजावलं, की मालकांनी तिथल्या तिथे नोकरीचं विचारलं.

पुढे फोन कमी झाले आणि मेसेज वाढले, तशी मावशीही मेसेजवर आली. चष्मा कपाळावरून नाकावर ओढायचा आणि एका बोटाने टाइप करायचं. वेग असा, की समोरचा माणूस वाट बघून झोपी जावा. पण लिहायची ती अगदी बोलल्यासारखं. "किती वजन आहे हो त्यांचं? म्हणजे खाट तशी देते." "कितवा मजला? लिफ्ट नसेल तर दोन जास्तीची माणसं धाडते, तुम्ही हात लावू नका."

सगळ्यात जपून ती लिहायची ते खाट परत नेण्याबद्दल. या धंद्यात 'खाट घेऊन जा' याचा अर्थ काय, हे सांगावं लागत नाही. दहातला एखादा बरा होतो, बाकीचे जातात. मावशी कारण कधीच विचारत नसे. "घाई नाही, तुम्ही म्हणाल तेव्हा येऊ," एवढंच लिहायची. आठवडा गेला, की त्या घरी आपणहून दोन ओळी पाठवायची: जेवताय ना, झोप लागते ना. या कामाचे पैसे तिला कुणी देत नव्हतं, आणि मालकांना तर ते ठाऊकही नव्हतं.

मालकांना ठाऊक होतं ते वेगळंच. दिवसाला साठ-सत्तर मेसेज येतात, मावशी उत्तर देईपर्यंत गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानातून खाट घेऊन मोकळं होतं. यात खोटं काही नव्हतं. म्हणून त्यांनी बॉट करणाऱ्या मुलीला बोलावलं. झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत ती एकटीच काम करायची, आणि छोट्या धंद्यांसाठी मेसेजला आपोआप उत्तर देणारे बॉट बांधून द्यायची. मुलगी सरळ होती. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, हा बॉट हुशार नसतो. आपण जेवढं शिकवू तेवढंच बोलतो. त्यामुळे काय करायचं आणि काय नाही, ते आधी कागदावर लिहू."

कागदावर लिहिलं: चौकशीला उत्तरं, दर, अनामत, पत्ता. गिऱ्हाइकाची माहिती विचारून मालकांच्या तक्त्यात ओळ भरणं. पैसे घेणं नाही, तक्रारी नाहीत. बांधणीचे एकदाच बारा हजार. मग दर महिन्याला ज्या कंपनीचं साधन वापरायचं तिचं भाडं अठराशे, त्यात उत्तर देणाऱ्या एकाच माणसाचं लॉगिन. दुसऱ्या माणसाचं हवं तर नऊशे वेगळे. मुलीचे देखभालीचे हजार, त्यात दोन तासांपर्यंतचे बदल. गिऱ्हाइकाने लिहिल्यापासून चोवीस तास दुकानाकडून त्याला काहीही लिहिता येईल. त्यानंतर मात्र आधी मंजूर करून घेतलेला ठरावीक मजकूरच जाईल, आणि त्याचे मेसेजमागे पैसे पडतील.

मग मुलगी तीन दिवस मावशीशेजारी स्टूल टाकून बसली. महिन्याभराचे मेसेज दोघींनी वाचून काढले. मावशीने हातचं काही राखून ठेवलं नाही. दुसरी कुणी असती तर चार गोष्टी विसरल्याचं सोंग केलं असतं. हिने उलट चुका काढल्या. "अगं, आधी दर नको सांगूस. आधी वजन विचार. शंभर किलोच्या माणसाला साधी खाट दिलीस तर मोडेल ना." "लोक काही नमस्कार-चमत्कार घालत नाहीत गं. नुसतं लिहितात, खाट. तेवढ्यावरच सुरू व्हायला हवं."

"मग असं करते," मुलगी म्हणाली. "मेसेजमध्ये 'खाट' शब्द आला, की पर्यायांचा मेन्यू न दाखवता थेट खाटेचे प्रश्न."

"तसंच कर. आणि वाक्यं माझी ठेव. ती पुस्तकी नकोत."

एवढं मोठं सतरा वर्षांचं काम, पण तिसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं तर त्यातलं बरंचसं पाच-सहा प्रश्नांत मावलं होतं. मावशी त्या कागदाकडे बघत राहिली. "एवढंच करत होते होय मी?" असं म्हणून ती हसली. मुलीला हसावं की नाही ते कळेना.

एका गोष्टीवर मात्र मावशी अडून बसली. "परत न्यायचं ते यंत्राकडे द्यायचं नाही."

मुलीने कबूल केलं. मेन्यूत 'वस्तू परत द्यायची आहे' असं बटण ठेवलं. ते दाबलं, की बॉटने गप्प व्हायचं आणि माणसाने बोलायचं. माणूस कोण, तर मावशी. पण मावशीसाठी दुसरं लॉगिन लागणार होतं, आणि मालक म्हणाले, "आधी महिनाभर चालू दे. सध्या माझ्या लॉगिनवर येऊ देत, मी सांगत जाईन तुम्हाला." वर असंही म्हणाले, की मावशी, आता तुम्ही सकाळचेच या, पगाराचं आपण जुळवून घेऊ. बोलताना त्यांनी मान वर केली नाही. माणूस वाईट नव्हता, पण अशा वेळी बरी माणसंही टेबलाचा कोपराच पुसत बसतात.

बॉट सुरू झाला. जुना नंबर मावशीच्या हातातल्या फोनवरून निघाला आणि नव्या साधनाला जोडला गेला. जुन्या गप्पा नव्या ठिकाणी आल्या नाहीत. सकाळी येऊन मावशी पावत्या लावायची, वॉकरची रबरं बदलायची. मेसेज दिसत नव्हते. जीव तिथेच घुटमळायचा.

महिना संपला तशी मुलगी हिशेबाला आली. दोनशे बारा चौकश्या, त्यांतल्या एकशे नव्वद पूर्ण. मालक खूश झाले. मावशीने तक्ता आपल्याकडे फिरवून घेतला आणि एकेक ओळ वाचत खाली आली. एका ओळीवर तिचं बोट थांबलं: खाट, वजन ३८, मजला २. शेरा मालकांचा: फोन केला, उचलला नाही.

"हा नंबर मास्तरांचा आहे," ती म्हणाली.

मास्तर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. बायको चौदा महिने खाटेवर, मूलबाळ नाही. दर महिन्याला भाडं पाठवताना ते मावशीला चार ओळी लिहायचे: आज हिने अर्धी वाटी खाल्लं, आज हिने खिडकी उघडायला सांगितली.

"त्यांच्याकडे खाट आहे ना? मग दुसरी कशाला?" मालक म्हणाले.

मुलीने संवाद उघडला. अकरा दिवसांपूर्वीचा, रविवार सकाळचा.

'खाट घेऊन जा.'

'खाटेचं सांगते हं. किती वजन आहे हो त्यांचं? आकड्यात लिहा.'

'38'

'ठीक. साधी खाट चालेल. कितवा मजला?'

'ही काल गेली.'

'नीट कळलं नाही हो. मजला आकड्यात लिहा.'

'ताई, ही काल गेली.'

'नीट कळलं नाही हो. मजला आकड्यात लिहा.'

मग वीस मिनिटं काही नाही. मग, '2'.

'तुमचं नोंदवून घेतलं. काळजी करू नका.'

चूक कुठे झाली ते मुलीला लगेच दिसलं. 'खाट' शब्द आला, त्यामुळे मेन्यू दिसलाच नाही, आणि मेन्यू नाही म्हणून परतीचं बटणही नाही. तपासताना तिघांनी शंभर प्रकारे चौकशी करून पाहिली होती, पण ज्याचं माणूस गेलंय असा माणूस काय लिहील, ते कुणी लिहून पाहिलं नव्हतं. बॉटच्या लेखी ही पूर्ण झालेली चौकशी होती, म्हणून ती कुणापुढे अडकून आलीच नाही.

"मी आत्ता बदलते, मावशी," मुलगी म्हणाली. "घेऊन जा, परत, गेली, गेले, असं काही आलं की सरळ माणसाकडे. पैसे नकोत मला याचे."

मालक म्हणाले, "दुसरं लॉगिनही घे." उशिराच म्हणाले, पण म्हणाले.

मावशीने लिहायला बोट पुढे केलं तर लिहायची जागाच बंद. चोवीस तास कधीच उलटून गेले होते. खाली मंजूर मजकूर होते तीन: अनामत परत मिळेल, माणसं अमुक वेळी येतील, नव्या खाटांवर सवलत. तिने तिन्ही वाचले आणि पिशवी उचलली.

दुसऱ्या मजल्यावर मास्तरांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, सदऱ्याची गुंडी वरखाली लागलेली. आत खोलीभर खाट तशीच होती आणि तिच्यावर धुतलेल्या चादरींच्या घड्या. तिला चुकवून आत-बाहेर करायला त्यांना भिंतीला घासून जावं लागत होतं. अकरा दिवस ते तसेच जात-येत होते.

"बसा," ते म्हणाले. "तुम्ही कामात असाल, मला माहीत होतं."

मावशीला रडू आलं, आणि ती रडली. मग म्हणाली, "मास्तर, ती मी नव्हते. ते यंत्र आहे. आपोआप उत्तर देतं. मी तुमचं वाचलंच नव्हतं, आज वाचलं."

खाटेवरची एक चादर मास्तरांनी उगाच उचलून परत ठेवली.

"यंत्र होय," ते म्हणाले. "पण बोलणं तुमचंच होतं. तुम्ही वजन विचारलंत, म्हटलं, का विचारत असतील? मग वाटलं, खाट खाली न्यायला माणसं किती लागतील ते बघत असाल. पण माणसांना खाटच न्यायची आहे, ही तर नाही ना त्यावर आता. तरी सांगितलं. शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी केलं होतं वजन."

मावशी खाली बघत होती.

"ते प्रश्न कुणी लिहिले?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. शाळेत फळ्यावर कुणी काय काढलं, ते विचारावं तसं विचारलं.

मुलीचं नाव सांगता आलं असतं. मालकांचंही. नऊशेच्या लॉगिनचंही सांगता आलं असतं, आणि ते सगळं खरंच होतं.

"मीच," मावशी म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. खाली खाट न्यायला दुकानाच्या टेम्पोतली माणसं जिन्याशी आली होती आणि वर येऊ का म्हणून हाक मारत होती. मावशीने खिडकीतून वाकून त्यांना हाताने थांबायला सांगितलं, आणि ती परत येऊन मास्तरांसमोर बसली.