पद्मावतीअक्कांचं टेबल आणि सूनबाईंचं पत्र

संयोगिता आता हसत हसत कबूल करते, पहिल्या दिवशी तिला पद्मावतीअक्का मुक्या वाटल्या होत्या. पुण्याची सून लग्नानंतर कन्नड मुलखात, होसकोट्याला सासरच्या खोक्यांच्या कारखान्यात आली, अक्कांना दोनदा नमस्कार केला, तर अक्का नुसत्या भिंतीकडे बघत बसलेल्या. बाई, त्या मुक्या कसल्या, गठ्ठे मोजत होत्या! मोजून झालं नि चिकपेटच्या माहेरापासून जावयाच्या गुडघ्यापर्यंत सगळं सांगितलं. संयोगिताचं जेवण राहिलं ते राहिलंच.

अक्का बावीस वर्षं डिस्पॅचला. कुठला माल कुठल्या गाडीत, कुठला ड्रायव्हर स्वल्प उशिरा येतो, सगळं तोंडपाठ. आणखी एक रीत होती तिथली: ऑफिसचा कुठलाही कागद अक्कांच्याच टेबलावर छापायचा, त्यांनीच शिक्का मारायचा.

त्या रीतीनंच घात केला.

सासरे प्रतापराव घरी बसले आणि कारभार संयोगिताकडे आला. मोठी गिऱ्हाईकं आता कॉम्प्युटरवरच ऑर्डर टाकू लागली होती, त्यामुळं डिस्पॅच आणि स्टोअर एक करून स्टोअर सांभाळणाऱ्या गिरीराजकडे द्यायचं ठरलं. सोळा माणसांना पत्र द्यायचं होतं. संयोगितानं ते आठवडाभर घासूनपुसून लिहिलं आणि सवयीनं अक्कांच्या प्रिंटरला पाठवलं. अक्कांशी आधी बोलायचं होतं. उद्या बोलू, उद्या बोलू करत तेवढंच राहिलं होतं.

प्रिंटर वाजला तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं. धावत बाहेर आली, तर अक्का चष्मा पुसत पत्र वाचत होत्या. पलीकडं टेप फाडत असलेल्या गिरीराजचा हात थांबला.

"डिस्पॅच विभाग एक तारखेपासून बंद," अक्कांनी वाचलं. "माझं नाव कुठं आहे हो, सूनबाई?"

"अक्का, आत या ना. मी सांगणारच होते."

"इथंच सांगा. कागद इथंच आला ना."

संयोगिता टेबलापाशी आली. अक्कांनी ड्रॉवर उघडला, डबा, छत्री नि औषधाची पट्टी पिशवीत टाकायला लागल्या. सावकाश, गठ्ठे मोजावेत तशा. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अक्का, तुमची नोकरी जात नाही. गिऱ्हाईकांच्या तक्रारी, नव्या ऑर्डरींचा पाठपुरावा तुम्ही करायचा. ते डोक्यात पक्कं आहे माझ्या."

"डोक्यात." अक्कांनी पत्र पुढं धरलं. "इथं काय आहे? 'आपण सगळे एक परिवार.' आमच्या घरी परिवारात असं पत्र छापून सांगत नाहीत. घरातलं माणूस हलवायचं तर आधी त्याच्यापाशी बसतात."

संयोगिता स्टूल ओढून खरोखरच बसली. "चुकलं माझं. पहिल्यांदा तुम्हाला सांगायला हवं होतं. भीती वाटत होती."

"मला भिता? मला तर उंदीरपण भीत नाही." पण पिशवीतला हात थांबला. "पगार?"

"तोच. बावीस वर्षांची नोकरी सलग धरणार."

"मग लिहा. आणि हे, 'कुणालाही काळजीचं कारण नाही'? जुन्या छपाई मशीनवरचे दोघं? ते मशीन मार्चनंतर ठेवणार?"

संयोगितानं पत्रातली ती ओळ परत वाचली. गिरीराजही तिच्याकडंच बघत होता.

"माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच अजून ठरलेलं नाही."

"तेच लिहा. आज खोटा धीर दिलात तर मार्चला तुमचं खरंही कुणी ऐकणार नाही."

मग दोघी दुपारभर बसल्या. परिवार खोडला. कुणाचं काम काय बदलणार ते नावानिशी लिहिलं. पगार आणि सेवा सलग, हे वरच आणलं. मशीनवरच्या दोघांचं मार्चनंतरचं काम ठरलेलं नाही, जानेवारीअखेर कळवू, तोवर त्यांना काढणार नाही, असं लिहिलं. त्या दोघांना आणि गिरीराजला संयोगितानं आधी एकेक करून बोलावलं. दोघांपैकी एकजण चांगलाच रागावला, आणि तिनं ते ऐकून घेतलं. अक्कांनी पत्र कन्नडमध्येही उतरवलं. मग डबा परत ड्रॉवरमध्ये गेला. बाई, संयोगितानं तेव्हा कुठं श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या हाती पत्र दिलं. एक प्रत भिंतीवर लावायची होती. संयोगिता निघाली हजेरीच्या मशीनकडं, मागून टेप घेऊन गिरीराज.

"तिथं नको," अक्का म्हणाल्या. "पाण्याच्या फिल्टरपाशी."

"सगळे नोटीस हजेरीपाशीच लावतात, अक्का."

"रांगेत मागचा ढकलतो. पुढच्याला स्वतःची धास्ती चारचौघांत वाचायला लाज वाटते. पाण्यापाशी बाटली भरता भरता दोनदा वाचता येतं."

"ओल आहे तिथं, टेप धरणार नाही."

"धरेल."

"मी सांगते, पडेल."

अक्कांनी तिच्या हातातला कागद घेतला, खोक्यांची रुंद टेप चारी बाजूंनी ओढून लावली आणि तळव्यानं दाबली. मशीनवरचा तो रागावलेला माणूस आला, भरलेली बाटली ओतून परत नळाखाली धरली आणि वाचत उभा राहिला.

संयोगितानं कागदाचा कोपरा नखानं हलवून पाहिला. हलला नाही.

"सरी," ती अक्कांच्या कन्नडमध्ये पुटपुटली, म्हणजे बरं, तुमचंच खरं.

"जरा मोठ्यानं, सूनबाई," अक्का म्हणाल्या, "गिरीराजला ऐकू आलं नाही."